भांड्यातल्या रेघांचं वाचन

विजेच्या भातकुकरचं आतलं भांडं उजेडात तिरकं धरलं, की त्याच्या भिंतीवर आडव्या रेघा दिसतात. शेजारी आकडे असतात: २, ४, ६, ८, १०. काही भांड्यांत रेघा ठसठशीत कोरलेल्या असतात, तर काहींत फिक्या छापलेल्या. मजकूर एवढाच. कुकर घरात आला की सोबतची पुस्तिका पहिल्या आठवड्यात कुठल्यातरी खणात जाऊन पडते, मग वर्षानुवर्षं हा मजकूर डोळ्यांसमोर असूनही वाचला जात नाही. मोजणी बोटाच्या पेरांनी किंवा ‘एकाला दोन’ या हिशेबानं होते. या रेघा नीट वाचाव्यात, कारण भात कसा शिजतो याविषयीची एक नेमकी समज त्यांत लिहिलेली आहे. मी वाचायला घेतलाय तो साधा, एका खटक्याचा, १.८ लिटरचा कुकर. पडद्यावर आकडे दाखवणारे महागडे कुकरही मुळात हेच सांगतात, फक्त त्यांच्यात ते झाकलेलं असतं.

पहिला प्रश्न असा, की २ म्हणजे २ काय? कुकरसोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या मापानं २ मापं तांदूळ. हे माप १८० मिलिलिटरचं असतं. यंत्र जपानचं आणि मापही जपानचं. तिथे तांदूळ मोजायचं जुनं माप ‘गो’, ते जवळपास तेवढंच भरतं. घरातली वाटी मात्र १५० ची असते नाहीतर २०० ची, आणि २४० चा मेजरिंग कप हा तिसराच प्रकार. मोठ्या कपानं २ कप तांदूळ घेऊन २ च्या रेघेपर्यंत पाणी घातलं, तर तांदूळ पाव हिश्शाहून जास्त झालेला असतो आणि पाण्याला मात्र जागा उलट कमी उरते. मग भात टणक होतो आणि दोष यंत्राला लागतो.

दुसरी गोष्ट जास्त रंजक आहे. रेघ नुसतं पाणी मोजत नाही, धुतलेला तांदूळ आणि पाणी दोन्ही भांड्यात असताना पातळी कुठवर यावी ते सांगते. या एका निवडीत केवढा शहाणपणा आहे ते पाहा. तांदूळ दोन-तीनदा धुऊन कितीही निथळला, तरी दाण्यांना पाणी चिकटून राहतं. वेगळ्या मापानं पाणी मोजून घालणाऱ्याच्या हिशेबात ते कुठेच येत नाही. घाईत निथळलं तर जास्त राहतं, चाळणीत टाकलं तर कमी, म्हणून एकाच हातचा भात रोज वेगळा होतो. रेघेला हे चिकटलेलं पाणी दिसतं, कारण तेही भांड्यातच आहे आणि पातळी वर उचलतं. भिजवणीचंही तसंच. तांदूळ अर्धा तास भिजला, की स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी पिऊन घेतो. अशा तांदळावर पुन्हा कोरड्या तांदळाच्या हिशेबानं पाणी मोजून घातलं, की भात गिच्च होणार. भिजवलेला तांदूळ रेघेनं मोजला तर चूक होत नाही. पाणी दाण्याच्या बाहेरून दाण्याच्या आत गेलेलं असतं, भांड्याबाहेर गेलेलं नसतं. पातळी जवळपास जिथल्या तिथेच राहते.

अर्थात वाचनाच्याही अटी आहेत. भांडं सपाट ओट्यावर हवं. तांदूळ हातानं सारखा पसरलेला हवा, कारण एका बाजूला ढीग झाला तर तिथले दाणे पाण्याबाहेर डोकावतात आणि कच्चे राहतात. नजर रेघेच्या पातळीला आणावी, वरून वाकून पाहिलं तर अंदाज चुकतो.

आता रेघांमधली अंतरं. हा या मजकुरातला सर्वांत भरीव भाग आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ. माझ्या भांड्यात २ ची रेघ तळापासून जितकी वर आहे, त्याच्या दुपटीला ४ ची रेघ पोहोचत नाही, ती थोडी खालीच थांबते. पाणी तांदळाच्या ठरलेल्या पटीत लागत असतं, तर उभ्या भिंतीच्या भांड्यात दुप्पट तांदळाला दुप्पट उंची यायला हवी होती. याचं थोडं श्रेय तळाच्या गोलाईला जातं, कारण गोल कडांमुळे खालच्या भागात कमी मावतं आणि पहिली रेघ वर सरकते. पण दुसरं कारण भाताचं स्वतःचं आहे. घातलेल्या पाण्याला दोन वाटा फुटतात. एक वाट दाण्यात जाते, ती तांदळाच्या प्रमाणात वाढते. दुसरी वाट वाफ होऊन झाकणाच्या भोकातून बाहेर पडते. ही वाफ तांदूळ किती आहे यापेक्षा उकळी किती वेळ चालली आणि झाकण किती घट्ट आहे यावर ठरते. तांदूळ निम्मा केला म्हणून वाफ निम्मी होत नाही.

माझा भाचा नोकरीसाठी एकटा राहतो. त्यानं फोनवर विचारलं होतं, “मावशी, दोन मापांचा भात छान होतो, मग एका मापाचा वरून कच्चा का राहतो? सगळं बरोबर निम्मं घेतो मी.” मी त्याला वजनकाटा घ्यायला सांगितला. कोलमचा हिशेब असा मांडता येतो. समजा, २ मापं तांदूळ घेतला, वजन ३०० ग्रॅम. चिकटलेलं धरून पाणी ६०० ग्रॅम. रिकाम्या भांड्याचं वजन वजा केल्यावर एकूण ९०० ग्रॅम भरलं. भात शिजून मुरल्यावर पुन्हा वजन केलं तर ७७० भरलं. म्हणजे १३० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं आणि ४७० ग्रॅम दाण्यांनी घेतलं. आता एका मापाला दाण्यांसाठी याच्या निम्मं, २३५ लागणार. वाफ मात्र निम्मी, ६५ होणार नाही. उकळीचा वेळ थोडा कमी झाला तरी १०० च्या आसपास जाईल. बेरीज झाली ३३५. तो घालत होता ३००. ही पस्तीसएक मिलिलिटरची तूट वरच्या थरातल्या दाण्यांना भोगावी लागत होती. उलट, ४ मापांना दाण्यांसाठी ९४० आणि वाफेसाठी दीडशेच्या आसपास, म्हणजे १,०९० पुरतं. दुपटीच्या हिशेबानं १,२०० घालणाऱ्याचा भात सणावारी, नेमका पाहुण्यांच्या पानात, मऊ पडतो. तुमच्या कुकरचे आकडे याहून वेगळे येतील. पण वजन करून एकदा वाफेचा आकडा काढला, की त्या कुकरचा स्वभाव कळतो आणि तो फारसा बदलत नाही.

जास्त पाणी घातलं तर ते शेवटी भांड्यात साचलेलं का दिसत नाही, याचं उत्तर भांड्याखाली आहे. तापणाऱ्या तबकडीच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक टिकली असते, बोटानं दाबली तर खाली जाते. तिच्या आत फेराइटचा तुकडा असतो आणि त्याखाली चुंबक. आपण खटका खाली दाबतो तेव्हा चुंबक वर जाऊन त्या तुकड्याला चिकटतो आणि तबकडीला पूर्ण वीज मिळू लागते. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ उकळबिंदूच्या फारसा वर जाऊ शकत नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं, दाण्यांत गेलं आणि वाफेत गेलं, की तळ चढू लागतो. सुमारे १०३ अंशांना त्या फेराइटची चुंबकाला धरून ठेवण्याची शक्ती जाते, स्प्रिंग चुंबकाला खाली ओढते आणि खटका वर पडतो. म्हणजे या यंत्राला घड्याळ कळत नाही. तांदूळ शिजला की नाही हेही त्याला कळत नाही. मोकळं पाणी संपलं, एवढंच त्याला समजतं. त्यामुळे पाणी जास्त घातलं म्हणजे वेळच जास्त दिला, आणि भात तेवढा मऊ झाला. पाणी कमी घातलं तर यंत्र वेळेआधी थांबलं. सगळा निर्णय खटका दाबण्यापूर्वी, रेघेपाशी झालेला असतो.

ही कल्पना मुळात फार सुंदर आहे. १९५५ साली तोशिबानं बाजारात आणलेल्या स्वयंचलित कुकरमागे योशितादा मिनामी हा तोक्योतला छोटा कारखानदार आणि त्याची पत्नी फुमिको यांचे कष्ट होते. फुमिकोनं घरात पुन्हापुन्हा भात शिजवून तापमानाच्या नोंदी केल्या. चांगला भात व्हायला जोरदार उकळी साधारण २० मिनिटं टिकायला हवी, हे त्यातून हाती आलं. त्यांच्या यंत्रात एकात एक दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचं, ते उकळून २० मिनिटांत संपायचं आणि संपलं की तापमान चढून वीज बंद व्हायची. पुढच्या एका भांड्याच्या कुकरांनी ते बाहेरचं पाणी काढून टाकलं आणि भाताच्या स्वतःच्या पाण्यालाच हे काम दिलं. तेव्हापासून रेघेची जबाबदारी वाढली. आता आतलंच पाणी भात शिजवतं आणि तो कधी थांबवायचा हेही ठरवतं.

भिजवणीचं महत्त्व इथूनच कळतं. तांदळाच्या दाण्यातलं पिष्ट साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान फुगून मऊ होतं, पण त्याला जवळ पाणी असावं लागतं. कोरडा दाणा एकदम उकळीत गेला, तर बाहेरचा थर आधी फुगतो आणि आत जाणाऱ्या पाण्याची वाट अडवतो. गाभ्याला पाणी पोहोचेपर्यंत बाहेरचं पाणी संपत येतं आणि खटका पडतो. बोटांत चुरडलेल्या शितात मध्ये पांढरा कण लागतो तो हा. गॅसवर आपण झाकण उघडून पाण्याचा हबका मारतो. कुकरला ती सोय नाही, म्हणून पाणी आधीच गाभ्यापर्यंत गेलेलं बरं. कोलमला आपल्या हवेत २० ते ३० मिनिटं पुरतात, थंडीच्या दिवसांत थोडी जास्त. बासमतीला अर्धा तास द्यावा, म्हणजे दाणा न मोडता लांब होतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर नवा असेल तर १० ते १५ मिनिटांवर थांबावं. तो दाणा नाजूक असतो, जास्त भिजला की ढवळताना तुटतो आणि कणीचा भात होतो. नव्या तांदळाला पाणीही रेघेच्या जरा खालीच ठेवावं, जुन्याला जरा वर. भिजल्याची खूण डोळ्यांना दिसते. काचेसारखा किंचित पारदर्शक दाणा दुधासारखा पांढरा होतो आणि नखानं दाबला की सहज तुटतो. पाचगणी-महाबळेश्वराच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे भिजवणीत दहा मिनिटं कमी करू नयेत.

भिजवण आतल्याच भांड्यात करावी, रेघेपर्यंत पाणी घालून, आणि भिंतीवरचं बटण बंद ठेवून. साध्या कुकरमध्ये बटण चालू केलं आणि खटका वरच राहिला, की यंत्र आपोआप ऊब धरण्याच्या अवस्थेत जातं. त्या कोमट पाण्यात तांदूळ फार वेळ पडला तर बिघडू शकतो.

उकड्या तांदळाच्या बाबतीत मात्र हा मजकूर अपुरा आहे, हे सांगायलाच हवं. कोकणात आणि गोव्यात उकडा भरपूर पाण्यात शिजवून वेळतात, पेज काढून घेतात. त्याला पाणीही खूप लागतं आणि वेळही. ज्या भांड्यावरच्या रेघा सुरय तांदळासाठी आखल्या आहेत, त्या रेघेवर उकडा टाकला तर पाणी संपून खटका पडेल तेव्हाही तो दातांखाली येईल. टोप आणि झाकणी हीच उकड्याची जागा.

खटका पडला, म्हणजे भात झाला असं नाही. त्या क्षणी तळाचा थर कोरडा आणि वरचा ओलसर असतो. झाकण न उघडता १० ते १५ मिनिटं जाऊ द्यावीत. वाफ थरांतून फिरते, तळाला धरलेला पापुद्राही मऊ होऊन सुटतो. मग सपाट डावानं कडेनं खाली घालून भात हलकेच उलथावा, दाबू नये. ही पंधरा मिनिटं ऊब धरण्याच्या अवस्थेची खरी कामगिरी आहे. त्यापुढचं सगळं तडजोडीचं असतं.

या अवस्थेत यंत्र थोडीच वीज घेऊन भात साधारण ६० ते ७५ अंशांवर ठेवतं. ६० च्या वर राहणं इथे कळीचं. कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते उकळीतही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ६० च्या वर त्यांची वाढ होत नाही. म्हणून ऊब एकतर चालू असावी, नाहीतर भात बाहेर काढलेला असावा. बटण बंद करून, झाकण लावून, भात संध्याकाळपर्यंत आतच ठेवणं ही सर्वांत वाईट स्थिती, कारण जाड भिंतींचं भांडं त्याला तासन्‌तास कोमट ठेवतं. वीज गेली तरी तेच होतं. शिजताना गेली तर खटका चुंबकामुळे खालीच राहतो आणि वीज लवकर आली तर शिजणं पुढे सुरू होतं. ऊब धरताना गेली आणि आपण घरी नसलो तर मात्र भात किती वेळ कोमट होता, ते नंतर कळत नाही. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर दोन तासांनी तो भाताच्या मधोमध खुपसून पाहावा. ६० च्या खाली आकडा आला तर त्या यंत्राच्या उबेवर विसंबू नये.

किती वेळ ठेवावा? साध्या कुकरात चार-पाच तासांच्या पुढे मी जाणार नाही. तोवर कडेचा भात सुकून टोचरा होतो, तळाचा पिवळसर पडतो आणि वास उतरतो. भांड्यात थोडाच भात असेल तर हे आणखी लवकर होतं. उरला तर परातीत पातळ पसरून वाफ जाऊ द्यावी आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. डाव भातात खोचून झाकण लावू नये, कडेशी फट राहते. सकाळचा गार भात नव्या गरम भातात मिसळून उबेवर ठेवू नये, कारण या अवस्थेला गार भात चटकन तापवण्याची ताकद नसते. नारळाचा, दह्याचा किंवा भाज्या घातलेला भात तर शिजल्याबरोबर काढावा.

आता भांडं घासणं. ते तबकडीवर सर्व बाजूंनी टेकलं पाहिजे आणि टिकलीला त्याचा तळ नेमका जाणवला पाहिजे, एवढ्यावर सगळं चालतं. भांड्याखाली एखादं शीत अडकलं, तर भांडं एका बाजूनं उचललं जातं. मग भात एकीकडे करपतो, एकीकडे कच्चा राहतो, नाहीतर खटकाच उशिरा पडतो. बाहेरून ओलं भांडं आत ठेवलं तर तडतड होते आणि तबकडीवर काळे डाग बसतात. म्हणून तळ कोरड्या फडक्यानं पुसून, भांडं आत ठेवून उजवीकडे-डावीकडे थोडं फिरवून बसवावं.

भात काढल्यावर भांड्यात कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवलं की चिकटलेली खरपूड आपण होऊन सुटते आणि मऊ स्पंज पुरतो. तारेची घासणी आणि राख इथे नकोत. नॉनस्टिकचा थर उष्णतेनं जात नाही, कारण भात शिजताना भांडं त्या थराच्या सोसण्याच्या मर्यादेच्या जवळपासही तापत नाही. तो जातो ओरखड्यांनी. स्टीलचा डाव, अंगठी, बांगड्या आणि भांड्यातच चोळून धुतलेला तांदूळ, हे त्याचे वैरी. तांदूळ दुसऱ्या पातेल्यात धुऊन मग यात घ्यावा. साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात धुण्याचा सोडा टाकून उकळू नये, ते काळं पडतं, आणि त्यावरच्या फिक्या रेघा वाचायला आणखी अवघड होतात.

तबकडीला पाणी लावायचं नाही. वायर काढून, तबकडी पूर्ण गार झाल्यावर ओलसर फडक्यानं पुसायची. शीत जळून बसलं असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरनं हळूच घासून पुन्हा पुसायचं. टिकलीच्या भोवतीच्या खाचेत काडी फिरवून पाहावी, बहुतेकदा तिथेच एखादा वाळलेला दाणा असतो, आणि टिकली दाबल्यावर खाली जाऊन वर येते ना ते बघावं. झाकणाच्या कडेला आणि वाफेच्या भोकात पेजेचा पातळ पापुद्रा धरतो. तो रोज काढला नाही तर भोक अरुंद होतं आणि फेस उतू जाऊन बाहेरून खाली ओघळतो. तांदूळ नीट धुतला असेल आणि सर्वांत वरची रेघ ओलांडली नसेल, तर मुळात फेसच कमी येतो.

आणि भांडं पडून तळाला पोचा आला, तर तो ठोकून सरळ करत बसू नये. हातानं ठोकलेला तळ तबकडीला पुन्हा सारखा टेकत नाही. त्याच कंपनीचं, त्याच मापाचं नवं भांडं आणावं. दुसऱ्या मॉडेलचं भांडं आत बसलं तरी त्याच्या रेघा वेगळ्या कुकरच्या वाफेच्या हिशेबानं आखलेल्या असू शकतात, म्हणून पहिल्या दिवशी २ मापं तांदूळ घालून वजनकाट्यावर तो वाफेचा आकडा पुन्हा काढून घ्यावा.